96 चं कोटेशन खरं पडतं 105 ला: एका खरेदी वाटाघाटीची तयारी

पुरवठादाराचं पत्र चार ओळींचं होतं. अॅल्युमिनियम महागलं, मजुरी वाढली, त्यामुळे नव्या करारात दर नऊ टक्क्यांनी वाढवावा लागेल. करार संपायला तीन महिने होते. भाग साधाच, पंपाच्या बाहेरचं अॅल्युमिनियमचं कव्हर. डायमध्ये, म्हणजे साच्यात ओतायचं, मग मशिनवर भोकं आणि बसण्याची जागा साफ करून घ्यायची. महिन्याला 2,000 नग लागायचे आणि दोन वर्षांनी पंपाचं नवं मॉडेल येणार होतं. म्हणजे या भागाची उरलेली खरेदी 48,000 नग. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

मोजायला सोपं जावं म्हणून जुना दर 100 धरते. बाकीचे सगळे आकडे त्याच मापात आहेत. पुरवठादाराची मागणी झाली 109.

मालकांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "बजेटमध्ये 100 धरलंय. 100 च्या वर गेला तर उठून या." आमचा खरेदी अधिकारी तरुण आणि चटपटीत. त्याने दोनच दिवसांत दुसऱ्या कारखान्याचं कोटेशन आणलं, 96 चं. दोघांच्या मते काम झालं होतं. 96 हातात आहे, मग 100 ला अडून बसायला काय हरकत आहे?

हरकत अशी की 100 हा आमच्या बजेटचा आकडा होता. उठून आल्यावर आपल्याला काय मिळणार आहे, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. उठायचा आकडा ठरतो तो फक्त पर्यायावरून. समजा पुरवठादार 101.5 ला तयार झाला आणि आम्ही बजेटपायी उठलो, तर दुसऱ्या दिवशी तो भाग आम्हाला कुठून आणि कितीला पडणार? याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. 96 हे ते उत्तर नव्हतं, आणि ते का नव्हतं हे शोधण्यातच तयारीचा पहिला आठवडा गेला.

मी खरेदी अधिकाऱ्याला म्हटलं, दोन्ही दर एकाच जागेवर आणून उभे करू. सध्याचा दर आमच्या दारात पोहोचवून होता आणि पैसे 60 दिवसांनी द्यायचे होते. नव्या कारखान्याचे 96 त्यांच्या दारातले होते. वाहतूक आमच्या अंगावर, नगाला 3. पैसे 30 दिवसांत मागितले होते. आमच्यासाठी पैशाचा खर्च वर्षाला 9 टक्के, म्हणजे एक महिना आधी पैसे देण्याचे नगाला साधारण 0.7. नवा पुरवठादार सुरुवातीला जास्त नग नापास करून घेतो, हा माझा अनुभव. नापास नग तो बदलून देतो, पण तपासणीचा वेळ आणि जुळणीतली खोळंबाखोळंबी आपलीच असते. त्याचे मी 0.9 धरले. हा अंदाज होता आणि कागदावर त्याच्यापुढे "अंदाज" असं लिहूनही ठेवलं.

मग आली डाय. नवी डाय बनवायला 1,20,000 लागणार होते, म्हणजे जुन्या दराने 1,200 नगांची किंमत. खरेदी अधिकाऱ्याने तो खर्च डायच्या आयुष्यावर, एक लाख ओतांवर वाटला आणि नगाला 1.2 काढले. ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. डाय एक लाख ओत टिकेलही, पण आपण एक लाख नग घेणार आहोत का? मॉडेल दोन वर्षांत बदलणार. त्यातही डाय बनायला, नमुने निघायला, मोजमाप तपासून मंजूर व्हायला मिळून 16 आठवडे लागणार होते. तोवरचे चार महिने, म्हणजे 8,000 नग, जुन्याकडूनच घ्यावे लागणार. उरले 40,000. डायचा खर्च त्यांच्यावर वाटायचा. नगाला 3. नमुने आणि चाचण्यांचे 24,000 तसेच वाटले, नगाला 0.6.

बेरीज केली. 96, वाहतुकीचे 3, पैशाचे 0.7, डायचे 3, चाचण्यांचे 0.6, नापासाचे 0.9. एकूण 104.2.

आणि हेही पूर्ण उत्तर नव्हतं. आम्ही उठलो तर पहिले 8,000 नग जुन्या पुरवठादाराकडून त्याच्याच दराने घ्यावे लागणार. भांडून निघालेल्या गिऱ्हाइकाला तो सवलत कशाला देईल? ते नग 109 ने धरले. मग 8,000 नग 109 ने आणि 40,000 नग 104.2 ने घेतल्यास सरासरी येते 105.

म्हणजे त्या दिवशी आमचा उठायचा आकडा 105 होता. मालक ज्याला सरहद्द समजत होते त्याच्यापेक्षा पाच जास्त. त्यांच्या सांगण्याप्रमाणे 100 ला अडलो असतो आणि पुरवठादार 102 वर थांबला असता, तर आम्ही 102 चा सौदा सोडून 105 चा घेतला असता आणि वर तो जिंकल्यासारखा वाटला असता. मी तो कागद मालकांपुढे ठेवला. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारलं, दोन ओळींवर वाद घातला. शेवटी म्हणाले, "म्हणजे आपला हात वाटला तेवढा वर नाही."

नव्हताच. पण तो वर करता येण्यासारखा होता आणि त्यासाठी दहा आठवडे होते.

आता लक्ष्य दराकडे वळते. हा आकडा पर्यायावरून काढायचा नसतो. तो वस्तूच्या खर्चावरून काढायचा, कारण टेबलावर समोरच्याला तो पटवून द्यावा लागतो. "आम्हाला परवडत नाही" हे कारण समोरच्याला बांधत नाही. जुन्या 100 ची फोड मागच्या कराराच्या फाइलमध्ये होती. मिश्रधातू 46, ओतकाम 18, मशिनिंग 17, नापास नग आणि हत्यारं 3, पॅकिंग आणि वाहतूक 4, वरकड खर्च आणि नफा 12. फाइलमध्ये अशी फोड नसेल तर भागाचं वजन, ओतायला लागणारा वेळ आणि मशिनचा तासाचा दर यांवरून स्वतः बांधावी लागते. त्याला दोन-तीन दिवस जातात, पण त्याशिवाय लक्ष्य दर म्हणजे नुसती इच्छा राहते.

पुरवठादाराने पत्रात अॅल्युमिनियम 12 टक्के वाढल्याचं लिहिलं होतं. आकडा खोटा नव्हता, पण निवडलेला होता. गेल्या करारानंतरचा सगळ्यात खालचा दिवस आणि सगळ्यात वरचा दिवस घेतला की 12 येत होते. शिवाय तो दर शुद्ध धातूचा होता. आमचं कव्हर ज्या मिश्रधातूचं होतं तो बराचसा भंगार वितळवून बनतो आणि त्याचा दर शुद्ध धातूच्या पावलावर पाऊल टाकून चालत नाही. आम्ही त्याच मिश्रधातूचे करार होण्याआधीच्या तीन महिन्यांचे आणि आताच्या तीन महिन्यांचे सरासरी दर घेतले. वाढ निघाली 5 टक्के. 46 वर 5 टक्के म्हणजे 2.3. ओतकाम आणि मशिनिंग मिळून मजुरी आणि विजेचे 18 होते, त्यावर 5 टक्के म्हणजे 0.9. ही वाढ खरी होती आणि ती आम्ही जशीच्या तशी मान्य केली.

उलट बाजूलाही एक गोष्ट होती, ती पत्रात नव्हती. मागचा करार वर्षाला 18,000 नगांवर झाला होता आणि आता आम्ही 24,000 घेत होतो. वरकड खर्चातले साधारण 5 असे होते की जे नग वाढले तरी वाढत नाहीत. जागेचं भाडं, देखरेख, मशिनचा घसारा. ते एक तृतीयांश जास्त नगांवर वाटले की नगाला 3.75 पडतात, म्हणजे सव्वा एकने कमी. सगळं मिळून 100 चे झाले 102. हा लक्ष्य दर. यात पुरवठादाराचा नफा पूर्वीइतकाच राहत होता. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण नफा खाऊन काढलेला लक्ष्य दर पुढे मालाच्या दर्जातून परत वसूल होतो.

लक्ष्य 102, उठायचा आकडा 105, समोरून मागणी 109. या तीन आकड्यांनी गेलो असतो तर सौदा 104 च्या आसपास झाला असता आणि आम्हाला तो चांगलाही वाटला असता. पण मधल्या आकड्यावर अजून काम करायचं बाकी होतं.

105 मधला सगळ्यात मोठा तुकडा डायचा होता, पैशाने आणि वेळानेही. जुनी डाय आमच्याच पैशाने बनली होती. करार काढून पाहिला. डायची मालकी आमची आणि दोन महिन्यांची नोटीस देऊन ती परत मागता येते, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मग नवी कशाला? हीच उचलून नव्या कारखान्यात नेली तर? अडचण एकच. डाय जुन्या पुरवठादाराच्या मशिनवर चढवलेली होती, आणि तिथे जाऊन पाहिली असती तर बातमी त्याच दिवशी वरपर्यंत गेली असती.

आम्ही फाइलमधलं ड्रॉइंग आणि चार तयार कव्हरं घेऊन नव्या कारखान्यात गेलो. त्यांचा डायचा इंजिनिअर पन्नाशीतला, बोलायला कमी. त्याने ड्रॉइंगवरून डायची उंची-रुंदी पाहिली, आपल्या मशिनच्या खांबांमधलं अंतर टेपने मोजलं आणि मान हलवली. बसेल. पाठीमागची प्लेट आणि नग बाहेर ढकलणाऱ्या पिनांची जोडणी बदलावी लागेल, खर्च 30,000 येईल. आम्ही खूष झालो. तो मात्र एक कव्हर हातात फिरवत राहिला. मग त्याने बाजूच्या भोकात नख घातलं आणि म्हणाला, "हे भोक ड्रॉइंगमध्ये नाही."

खरंच नव्हतं. दीड वर्षापूर्वी पंपात एक बदल झाला, तेव्हा डायमध्ये ते भोक तयार करणारा, बाजूने सरकणारा एक कोअर बसवला गेला होता आणि ड्रॉइंग कोणी सुधारलंच नव्हतं. त्या सरकत्या कोअरला मशिनमध्ये वेगळी हायड्रॉलिक जोडणी लागणार होती. खर्च 50,000 वर गेला. पण वेळ 16 आठवड्यांवरून 6 आठवड्यांवर आला. ते नख त्या भोकात गेलं नसतं, तर आम्ही चुकीच्या आकड्यावर टेबलाशी बसलो असतो.

डाय हलवायची म्हणजे आणखी एक खड्डा भरावा लागतो. ती उचलली त्या दिवसापासून नव्या मशिनवर चांगले नग पडेपर्यंत कुठेच उत्पादन नाही. सहा आठवडे म्हणजे 3,000 नग. ते आधीच साठवलेले नसतील तर पर्याय फक्त कागदावर राहतो. आमच्या स्टोअरमध्ये महिन्याचे 2,000 होते. करारात महिन्याचं शेड्युल 25 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करायची मुभा होती, तिचा वापर करून दोन महिने 500-500 जास्त मागवले. ते जुन्या दरानेच आले. बैठकीच्या आदल्या आठवड्यात साठा 3,000 झाला.

मग हिशेब नव्याने मांडला. उठलो तर नोटिशीचे दोन महिने, म्हणजे 4,000 नग, 109 ने. उरलेल्या 44,000 वर डायच्या बदलाचे आणि चाचण्यांचे पैसे वाटले. नव्या कारखान्याचा खरा दर 102.28 आला. सरासरी 102.8. यात अजून एक जोखीम घालायची होती. सहा आठवड्यांचे सात झाले तर जुळणीची लाइन आठवडाभर उभी राहील, दिवसाला 6,000 चं नुकसान, सहा दिवसांचे 36,000. 48,000 नगांवर वाटल्यास नगाला पाऊण. असं होण्याची शक्यता निम्मी धरून 0.4 जोडले. उठायचा आकडा झाला 103.2.

आकडा 105 वरून 103.2 वर आला, आणि तोवर पुरवठादाराशी एक शब्दही बोललो नव्हतो.

या आकड्यात सगळ्यात नाजूक काय होतं, हेही पाहून ठेवलं. नापास नगांचा अंदाज दुप्पट चुकला असता तरी दर एकाच्या आतच हलत होता. पण डाय हलवायला तीन आठवडे जास्त लागले असते, तर नुकसान नगाला सव्वादोन होऊन आकडा पुन्हा 105 वर गेला असता. म्हणून ठरवलं की बैठकीच्या सकाळी स्टोअरमधला साठा मोजायचा. 2,500 च्या खाली असेल तर 103.2 विसरायचा आणि 105 धरूनच बोलायचं. उठायचा आकडा दगडावरची रेघ नसते. ज्या परिस्थितीवर तो उभा आहे ती हलली तर तोही हलतो. फक्त ही हालचाल टेबलावर बसण्याआधी व्हायला हवी. बोलण्याच्या भरात ती होऊ देऊ नये.

आणखी एक काम केलं, छोटं पण माझ्या मते सक्तीचं. नव्या कारखान्याच्या कोटेशनची मुदत 30 दिवसांची होती आणि ती संपून गेली होती. त्यांच्याकडून 90 दिवसांची मुदतवाढ लेखी घेतली, डायच्या बदलाचा खर्च आणि सहा आठवडे हेही त्यात लिहून घेतले. त्यांना खरं सांगितलं की जुन्याशी बोलणी चालू आहेत आणि काम मिळेलच असं नाही. मुदत संपलेलं कोटेशन हातात घेऊन "आमच्याकडे दुसरी सोय आहे" म्हणणं खोटं ठरतं, आणि माणूस खोटं बोलताना आवाजात कुठेतरी ढिला पडतो.

समोरच्याच्या बाजूचाही अंदाज बांधला. त्याची मशिनं दोन पाळ्यांत चालत होती, म्हणजे आमचं काम गेलं तर तो रिकामा बसणार नव्हता, पण महिन्याला 2,000 चं सलग काम लगेच मिळणंही अवघड होतं. फोडीवरून त्याचा खर्च 95 च्या घरात येत होता. तो 100-101 च्या खाली येणार नाही, असा माझा कयास होता. एक गोष्ट मात्र अंदाजापेक्षा पक्की होती. तो धातू जवळजवळ रोखीने घेत होता आणि आमचे पैसे त्याला 60 दिवसांनी मिळत होते. मधल्या काळासाठी त्याला कर्ज काढावं लागे, वर्षाला 12 टक्क्यांनी. आम्हाला पैसा 9 टक्क्यांनी पडत होता. म्हणजे 15 दिवस आधी पैसे दिले तर आमचे जातात 0.4 आणि त्याचे वाचतात 0.5. फरक लहान आहे, पण दोघांपैकी कोणाच्याही खिशातून न जाता निर्माण होणारा पैसा हा एवढाच होता.

बैठकीच्या सकाळी साठा 3,040 निघाला. मी एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहून वहीत ठेवल्या. लक्ष्य 102. उठायचं 103.2. दोन्ही 60 दिवसांचे, दारात पोहोच. तिसऱ्या ओळीतली अट मुद्दाम लिहिली, कारण अटी बदलल्या की दर बदलतो आणि बोलताना हेच विसरलं जातं.

पुरवठादार स्वतः आले होते, सोबत त्यांचे हिशेबनीस. चहा होईपर्यंत ते महागाईवर बोलले. मग आम्ही फोड टेबलावर ठेवली आणि सुरुवात 101 ने केली. धातूची वाढ पूर्ण मान्य, नगसंख्येची बचत वजा, मजुरीची वाढ तुम्ही कामाच्या वेगातून भरून काढा. हिशेबनीसांनी धातूच्या सरासरीवर वाद घातला, पण आमच्याकडे सहा महिन्यांचे दर ओळीने होते. ते 107 वर आले. आम्ही मजुरीतला थोडा भाग मान्य करून 101.6 म्हटलं. मग 105. मग बराच वेळ कोणी बोललं नाही आणि ते म्हणाले, "104. याच्या खाली आम्हाला परवडतच नाही."

हा तो क्षण. दहा आठवड्यांपूर्वीचा आकडा खिशात असता तर 104 हे 105 च्या खाली होतं आणि मी हात पुढे केला असता. आता ते 103.2 च्या वर होतं. मी शांतपणे सांगितलं, "104 ला आम्हाला दुसरी सोय स्वस्त पडते. डाय मागायची नोटीस तयार आहे. पण काम तुमच्याकडेच राहावं असं आम्हाला मनापासून वाटतं, म्हणून दुसऱ्या वाटेने बघू." दुसऱ्याचा दर सांगितला नाही. 96 म्हटलं असतं तर त्यांनी लगेच विचारलं असतं, पोहोच धरून का? आणि तिथून पुढे आमचाच आकडा उलगडत गेला असता. पर्याय आहे एवढं कळणं पुरेसं होतं, आणि ते खरं होतं.

मग 15 दिवस आधी पैसे आणि तीन महिन्यांचं पक्कं शेड्युल देऊ केलं. त्यांनी हिशेबनीसांशी कुजबुज केली आणि म्हणाले, "45 दिवस नक्की असतील तर 102.8."

खरेदी अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण 102.8 हे 103.2 च्या खाली होतं. पण चिठ्ठीवरची तिसरी ओळ 60 दिवसांची होती. 45 दिवसांचे 0.4 मिळवले की हाच दर 103.2 होतो, म्हणजे थेट उठायच्या आकड्यावर. हो म्हणण्यात आणि उठण्यात आमच्यासाठी काडीचाही फरक उरत नव्हता. मी वीस मिनिटांची सुट्टी मागितली. बाहेर येऊन त्याला वहीतली ओळ दाखवली. त्याने तोंडी हिशेब केला आणि म्हणाला, "मॅडम, हे माझ्या लक्षातच आलं नाही." टेबलावर ते कोणाच्याच लक्षात येत नाही, म्हणून ओळ लिहून ठेवायची.

परत जाऊन 102 मागितले, 45 दिवसांसह. ते 102.4 वर थांबले आणि या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता. पूर्वी ते आकडा सांगून गप्प बसत होते. आता ते कारणं न देता आपल्याच कागदावर परत परत गुणाकार करत होते. मी तिथे थांबले. 102.4 म्हणजे आमच्या मापात 102.8. उठायच्या आकड्यापेक्षा 0.4 ने चांगला, लक्ष्यापेक्षा 0.8 ने महाग. मालकांना मी हेच सांगितलं, गोड करून नाही. लक्ष्य गाठलं गेलं नाही. पण 104 आणि 102.8 यांच्यातला फरक 48,000 नगांवर 57,600 होतो, आणि तो टेबलावरच्या बोलण्यापेक्षा डाय, साठा आणि मुदतवाढ यांतून आला होता.

नव्या कारखान्याला त्याच संध्याकाळी फोन करून काम देता येत नसल्याचं सांगितलं आणि त्यांच्या इंजिनिअरने दिलेल्या वेळेचे पैसे देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत. पुढच्या मॉडेलच्या वेळी पहिली विचारणा त्यांच्याकडे जाईल, असा शब्द दिला आहे.

करारावर सह्या झाल्या त्याच आठवड्यात पुरवठादाराकडून सरकत्या कोअरसकट डायचं सुधारित ड्रॉइंग मागवून घेतलं. तारीख घालून ते फाइलमध्ये लावलंय, जुनं काढून टाकलंय.